साध्या कागदावरचा अहवाल

मी थापा मारतो, हे आधीच कबूल करतो. माझ्या घरचे, आळीतले, आणि नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून सकाळी सात-वीसच्या एसटीने माझ्यासोबत अप-डाऊन करणारे अर्धा डझन मास्तर, ग्रामसेवक, तलाठी याची साक्ष देतील. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला आणि पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, की माझ्या तोंडून ते त्याच्या मिशीला लागलेलं असायचं. मारुतीला मिशी नाही असं कुणी म्हणालं, तर मी सांगायचो की पाण्याने ती वाहून गेली. एकदा घाटात आमच्या गाडीला बिबट्या आडवा गेला. खरं तर ते कुत्रं होतं, पण महिनाभरात मी त्या बिबट्याला कंडक्टरकडून तिकीट मागायला लावलं होतं. लोक हसायचे, पुढच्या सीटवरचे मागे वळायचे, ड्रायव्हर आरसा माझ्यावर लावायचा. थोडक्यात, राईचा पर्वत करण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता.

अशा माणसाने नोकरी कसली करावी, तर आकडे लहान करण्याची.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. पश्चिमेच्या डोंगराकडच्या एका तालुक्याच्या गावी अंगणवाड्यांचं प्रकल्प कार्यालय होतं, आणि मी तिथे कनिष्ठ सहायक होतो. पाड्यापाड्यांवर अंगणवाड्या. तिथे ताई दर महिन्याला पोरांना झोळीत घालून काट्याला लटकवायच्या, वजन घ्यायच्या आणि वयाच्या मानाने पोर कुठल्या श्रेणीत बसतं ते ठरवायच्या. साधारण, पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. चौथी म्हणजे पोर हातातून चाललं. तिसरी-चौथीच्या पोराला दुप्पट आहार द्यायचा आणि डॉक्टरला दाखवायचं, असा नियम होता आणि नियम चांगला होता. हे मी मुद्दाम लिहितो. या सगळ्या प्रकरणात वाईट नियम एकही नव्हता.

ताईंचे अहवाल आमच्याकडे यायचे. त्यांचा मी एक तक्ता करायचो. तक्ता म्हणजे केवढा? खोटं सांगत नाही, पसरला की दोन टेबलं आणि शिपायाची मांडी लागायची. उभे रकाने श्रेणींचे, आडव्या ओळी अंगणवाड्यांच्या, खाली बेरीज, उजवीकडे बेरीज, आणि दोन्ही बेरजा कोपऱ्यात एकमेकींना भेटल्या पाहिजेत. तो तक्ता पाच तारखेला नाशिकला मुख्य कार्यालयात पोचवायचा. त्याच्याच एका प्रतीवरून आरोग्य केंद्राची जीप कुठल्या पाड्यावर जाणार, ते ठरायचं. ज्या ओळीत चौथ्या श्रेणीखाली आकडा, त्या पाड्यावर जीप.

हे काम मला शिकवलं भाऊसाहेबांनी. भाऊसाहेब म्हणजे आमचे वरिष्ठ सहायक. कार्यालय चालवायचे तेच, कारण प्रकल्प अधिकारी मॅडमकडे दोन तालुक्यांचा चार्ज होता आणि त्या आठवड्यातून दोनदा सह्यांपुरत्या यायच्या. या माणसावर माझा फार जीव. माझे वडील लवकर गेले होते, आणि भाऊसाहेबांनी मला डब्यातली भाकरी अर्धी करून देण्यापासून रजेचा अर्ज कसा लिहावा इथपर्यंत सगळं शिकवलं. शिपाई आजारी पडला तर स्वतः दवाखान्यात नेणारे, कुणाकडून चहासुद्धा न घेणारे. अक्षर असं की टिपणी वाचून झाल्यावर चौकटीत घालून भिंतीवर लावावी.

त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं, "रकाना मोकळा सोडायचा नाही. मोकळा रकाना दिसला की नाशिकहून फोन येतो. निरंक लिहिलं की येत नाही."

निरंक म्हणजे काही नाही, शून्य. मी विचारलं, की एखाद्या ताईचा अहवालच आला नाही तर? भाऊसाहेब म्हणाले, अहवाल नाही म्हणजे कळवण्यासारखं काही नाही. कळवण्यासारखं काही नाही म्हणजे निरंक. मला ते इतकं सरळ वाटलं, की मी त्या दिवशी गाडीत त्याचं कौतुक केलं. मास्तरलोकांनीही माना डोलावल्या. त्यांच्याकडे हजेरीपटाचं असंच चालायचं.

पावसाळ्यात निम्मे अहवाल येत नसत. नाले भरलेले, गाड्या बंद. वर आमच्या एका भागाची पर्यवेक्षिका बदलून गेली होती आणि जागा रिकामी होती, त्यामुळे त्या भागातले अहवाल गोळा करणारं कुणी नव्हतं. म्हणजे ज्या महिन्यांत पोरं सगळ्यात जास्त आजारी, त्याच महिन्यांत माझ्या तक्त्यात सगळ्यात जास्त निरंक. आणि आमचा तक्ता जिल्ह्यात पहिला पोचायचा. बैठकीत मॅडमचं कौतुक झालं. मॅडमनी भाऊसाहेबांचं केलं, भाऊसाहेबांनी माझं. मी तर गाडीत असं सांगितलं, की माझा तक्ता मंत्रालयात काचेखाली ठेवलाय.

त्या पावसाळ्यात, महिन्याच्या तीन तारखेला, एक ताई कार्यालयात आली.

चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेली. पाड्यावरून रस्त्यापर्यंत दोन तास चालत, मग एका टेम्पोत उभी राहून. बौद्ध घरातली, दहावी झालेली, लग्न होऊन पाड्याशेजारच्या गावात आलेली. तिच्या अंगणवाडीतली पोरं मात्र डोंगरातल्या जुन्या कोकणा आदिवासी घरांतली. तिने छत्रीतून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून वही, आणि वहीतून एक कागद. आखीव वहीचं पान. त्यावर पट्टीने रेघा मारून, छापील अहवालाचे सगळे रकाने हुबेहूब काढून, आकडे भरले होते.

छापील नमुने संपले होते, ती सांगत होती. दोन महिने झाले, मागितले तरी मिळाले नाहीत. नमुने आम्हीच द्यायचे होते, आणि आमच्याकडेच नव्हते, कारण नाशिकहून यायचे होते. म्हणून तिने हाताने काढला.

चौथ्या श्रेणीत एक आकडा होता. एक मुलगी, दोन वर्षांची, वजन पावणेसहा किलो. ताईने बोट त्या रकान्यावर ठेवलं आणि ते उचललंच नाही.

"भाऊ, हिला डॉक्टर पायजे. पोरगी पोटात पाणी ठेवंना झालीय. जीप येईल ना?"

मी तिला बसवलं, चहा मागवला. मी काय कुणाला तसंच जाऊ देणारा माणूस आहे? तिच्या रेघांचं कौतुक केलं, म्हणालो छापखान्यालाही अशा जमत नाहीत. मग आमच्या जीपची गोष्ट सांगितली, की तिला घाटात ढकलण्यासाठी एकदा अख्खं लग्नाचं वऱ्हाड खाली उतरलं आणि नवरदेव घोड्यावरून ढकलत होता. ताई हसली. एवढी दमलेली बाई हसली, याचाच मला अभिमान वाटला.

ती निघताना पुन्हा म्हणाली, "येईल ना पण?"

मी म्हणालो, "ताई, तुम्ही बिनघोर जा. कागद माझ्या हातात दिलाय ना? मग झालं."

मी तो कागद घेऊन भाऊसाहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर करून पाहिला. कागद उलटला, सुलटा केला. रेघांचं कौतुक त्यांनीही केलं. मग म्हणाले, की हा विहित नमुन्यात नाही.

नमुनेच नाहीत, मी म्हणालो.

ते त्यांनाही माहीत होतं. पण साध्या कागदावरचा अहवाल एकदा घेतला, की उद्या कुणी विडीच्या कागदावर पाठवेल. नाशिकचा तपासणीवाला विचारेल, की हे कुठल्या नमुन्यात घेतलंत? मी म्हणालो, निदान आवकला नोंद करू का? भाऊसाहेब म्हणाले की नोंद केली तर कागद प्रलंबित दिसेल. नमुने आठ दिवसांत येतायत. आले की तिच्याकडून छापीलवर घेऊ, दोन्ही एकदम लावू. आणि कागद त्यांनी आपल्या टेबलाच्या काचेखाली सरकवला, जपून, चारही कोपरे सरळ करून.

मी माझ्या टेबलावर आलो. तक्ता पसरला. त्या अंगणवाडीच्या ओळीवर आलो आणि लिहिलं: निरंक, निरंक, निरंक, निरंक, निरंक.

मी किती तरी वर्षं आठवून पाहिलं, की त्या क्षणी माझ्या मनात काय होतं. काहीतरी सापडेल असं वाटायचं. भीती, आळस, तिरस्कार, निदान एखादी सबब. काहीही सापडत नाही. मला त्या पोरीचं वजन माहीत होतं. तिचा रकाना कुठला हेही माहीत होतं. ते दोन्ही माझ्या डोक्यात शेजारी शेजारी पडून होते आणि मी त्यांची भेट घालून दिली नाही. मी संध्याकाळच्या गाडीत वऱ्हाडाची गोष्ट आणखी कशी फुलवता येईल, याचा विचार करत होतो. घोड्याऐवजी उंट घ्यावा का, असा काहीतरी. खालची बेरीज आणि बाजूची बेरीज कोपऱ्यात भेटली, मला समाधान वाटलं. मॅडमनी सही केली. त्यांच्यासाठी माझी छोटी सही हीच हमी होती, माझ्यासाठी त्यांची मोठी सही.

जीप दुसऱ्या पाड्यांवर गेली. आमच्या तक्त्याप्रमाणे गेली, एकही पाडा चुकवला नाही.

नमुने आठ दिवसांत आले नाहीत. पुढच्या महिन्याच्या तक्त्याला मी मागच्या महिन्याची ओळ जशीच्या तशी उतरवली. तशी सोय होती.

त्याच महिन्यात मुलगी गेली.

दोन-चार पाड्यांवर मुलं दगावल्याचं पेपरात आलं आणि नाशिकहून चौकशी यायची ठरली. एक अधिकारी, एक टायपिस्ट, दोन फायलींची बॅग. मुलगी गेल्याची बातमी मला शिपायाने सांगितली, पाड्याच्या नावासकट. मी भाऊसाहेबांच्या टेबलाकडे पाहिलं. काचेखाली देवाचा फोटो होता, गाड्यांचं वेळापत्रक होतं आणि तो कागद होता, एक कोपरा बाहेर दिसत होता.

दुपारी सगळे जेवायला निघून गेल्यावर मी भाऊसाहेबांना म्हणालो, की कागद काढू या. आपल्याला कळवलं होतं, हे सांगून टाकू या. भाऊसाहेबांचा चेहरा अगदी मऊ झाला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तू काळजी करू नको. कागद मी फायलीला लावतो. तू फक्त जे विचारतील त्याचं उत्तर दे. जास्त बोलू नको, तुझी ती सवय आहे."

माझा विश्वास बसला. का बसू नये? या माणसाने मला कधी चुकीचं सांगितलं नव्हतं. मी निवांत झोपलो, असं लिहायला लाज वाटते, पण झोपलो.

चौकशीच्या दिवशी ताई आली होती. धुतलेली साडी, हातात ती वही. तिला बाकावर बसवलं होतं. अधिकारी माणूस सभ्य होता, त्याने तिला पंख्याखाली बसायला सांगितलं. मग तक्ता काढला, बोट ठेवलं आणि विचारलं, की तुमच्या अंगणवाडीतून दोन महिने निरंक कळवलंय, आणि मूल तर चौथ्या श्रेणीत होतं. वजन घेतलंच नव्हतं का?

ताईने वही उघडून दाखवली. वजन होतं, तारीख होती. मग ती म्हणाली की तिने अहवाल स्वतः आणून दिला, ह्या भाऊंच्या हातात. आणि माझ्याकडे पाहून हलकी मान हलवली. ओळखीच्या माणसाकडे पाहून हलवतात तशी. आता बोला, अशी.

अधिकाऱ्याने फाईल चाळली. मीही त्याच्याबरोबर चाळत होतो, मनातल्या मनात, आता येईल, पुढच्या पानाला येईल. आवक नोंदवही पाहिली. फाईल संपली. ताईचा कागद फायलीत नव्हता. मी भाऊसाहेबांकडे पाहिलं. ते खिडकीशी उभे राहून पेनला शाई भरत होते, खाली मान घालून, एक थेंब सांडू न देता.

अधिकाऱ्याने मला विचारलं, "या अंगणवाडीचा विहित नमुन्यातला अहवाल तुम्हाला प्राप्त झाला होता का?"

प्रश्न असा विचारला गेला, हे मी हजार वेळा स्वतःला सांगितलंय. विहित नमुन्यातला. त्याचं खरं उत्तर एकच होतं. ज्या माणसाने कुत्र्याचा बिबट्या केला, त्याला तिथे आणखी चार शब्द जोडायचे होते फक्त. पण साध्या कागदावर आला होता, एवढंच.

मी म्हणालो, "नाही साहेब."

टायपिस्टच्या मशीनने ते दोन शब्द मारून घेतले. जबाब समोर आला, मी सही केली. अक्षर चांगलं आलं.

ताईने आरडाओरडा केला नाही. तिने वही मिटली. इतक्या सावकाश मिटली की मला वाटलं ती मिटेपर्यंत कुणीतरी काहीतरी बोलेल. महिन्याभरात तिला कमी करण्याचा आदेश निघाला. कारण लिहिलं होतं: तीव्र कुपोषित बालकाची माहिती न कळवणे. आदेशाचा मसुदा भाऊसाहेबांच्या सुंदर अक्षरात होता, आणि जावक क्रमांक मी टाकला.

आदेश निघाला त्या संध्याकाळी मी भाऊसाहेबांना एसटी स्टँडवर गाठलं. कागद कुठे आहे, विचारलं. त्यांनी मला बाजूला घेतलं, टपरीच्या मागे, आणि अगदी माझ्या वडिलांनी समजावलं असतं तसं समजावलं. कागद बाहेर आला असता तर पहिली नोकरी माझी गेली असती. निरंक कुणी लिहिलं? मी. आवकला नोंद कुणी केली नाही? मी. तुझी आई आहे, धाकटी बहीण आहे, तिचं लग्न आहे. ताईचं काय, मानधनावरची बाई, आज ना उद्या सोडलीच असती.

"मी तुझ्यासाठी केलं," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं, हीच तर गंमत आहे. माझा गळा कापून वर मलमपट्टी करणारा माणूस मनापासून रडत होता. ज्याच्यावर मी बापासारखा विसंबलो, त्याने एका काचेखालून एक कागद उचलून मला आयुष्यभरासाठी खोटारडा करून ठेवलं, आणि मला वाचवल्याचं समाधान घेऊन तो सहाच्या गाडीत खिडकीची जागा पकडून बसला. मी त्याच गाडीत बसलो. त्याने माझ्यासाठी रुमाल टाकून जागा धरली होती.

इथे एक गोष्ट लिहिली नाही तर हे सगळं लिखाण फुकट आहे. भाऊसाहेबांनी दगा दिला, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. म्हणायला बरं वाटतं. पण नंतरच्या काळात मी काय केलं? मी ती गोष्ट गाडीत सांगायला लागलो. माझ्या गोष्टीत मी चौकशीच्या टेबलावर मूठ आपटतो, दौत उडते, शाई अधिकाऱ्याच्या शर्टावर. माझ्या गोष्टीत मी भाऊसाहेबांच्या टेबलाची काच उचलतो. मास्तरलोक म्हणायचे, "वा, मर्दा." एका तलाठ्याने तर माझ्यासाठी चहा सांगितला आणि मी तो प्यायलो. ताईला दगा दिला तो एकदा सही करून, आणि नंतर सात-वीसच्या गाडीत, हसत-हसवत, किती वेळा ते मोजलेलं नाही.

माझी बदली नाशिकच्या मुख्य कार्यालयात झाली, बढतीवर. भाऊसाहेब निवृत्त झाले. कार्यालयात कॉम्प्युटर आले आणि त्यांच्यात तर रकाना मोकळा ठेवला की पुढे सरकताच येत नसे.

मग माहितीचा अधिकार आला. आमच्याकडे अर्ज यायला लागले तशी साहेबलोकांची धांदल उडाली. अर्ज ज्या टेबलाचा, त्याने उत्तराचा मसुदा करायचा. एक दिवस माझ्या टेबलावर एक अर्ज आला. आखीव कागद. पट्टीने मारलेली रेघ.

अमुक महिन्याच्या तीन तारखेला मी हाताने आखलेल्या कागदावर दिलेल्या अहवालाची प्रत मिळावी, एवढीच मागणी. नोकरी परत मागितली नव्हती. कुणावर आरोप नव्हता.

मी सगळं दप्तर उपसलं. खरंच उपसलं, यात अतिशयोक्ती नाही. तालुक्याला जाऊन जुन्या कार्यालयाचा माळा झाडला. कागद मिळणार नाही हे मला माहीत होतं, तरी झाडला. परत येऊन मी टिपणी लिहिली: सदर कागद कार्यालयास प्राप्त झाला होता, तो मी स्वतः स्वीकारला होता, नोंद केली नाही आणि तक्त्यात निरंक दर्शवले, ही माझी चूक आहे. फाईल वर गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. समासात शेरा होता: मत मागितलेले नाही. कागद अभिलेखात आहे किंवा नाही, एवढेच कळवावे. खाली तीन सह्या. शेरा लिहिणारा माझ्याहून वयाने लहान अधिकारी होता, हुशार, प्रामाणिक. त्याने मला बोलावून समजावलं, की कायद्याने तेवढंच विचारलंय. त्याचं बरोबर होतं. तो मला अगदी आमच्यातला वाटला.

"कागद अभिलेखात आढळून येत नाही," असं उत्तर गेलं. मसुद्यावर माझीच सही होती. हो, दुसऱ्यांदा.

ताईने अपील केलं. सुनावणीला कार्यालयातर्फे मी हजर होतो. ती आता चष्मा लावत होती, केस पांढरे व्हायला लागले होते. माझ्याकडे पाहून मान हलवली नाही. सुनावणी पाच मिनिटांची. कागद नाही, तर प्रत कशी देणार? अपील निकाली काढणार, तेवढ्यात मी उभा राहिलो आणि म्हणालो, की कागद होता साहेब. माझ्या हातात दिला होता. पोरीचं वजन पावणेसहा किलो लिहिलं होतं.

मग अपिलाचे साहेब म्हणाले की हे इथे नोंदवता येणार नाही, हा विषय वेगळा आहे. आणि त्यांनी आदेश लिहिला.

बाहेर व्हरांड्यात ताई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आत्ता आवाज फुटला व्हय?"

मी हातातली फाईल काखेत धरली.

"एवढ्या गोष्टी सांगायचे तुम्ही. मला वाटलं ह्यो माणूस मनाचा मोकळा हाय."

मी म्हणालो की मी लिहून देतो. कुठेही, कुणालाही, स्टॅम्प पेपरवर देतो. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"स्टॅम्प नको. साध्या कागदावर द्या. चालंल ना तुमच्या हापिसाला?" मग थांबून म्हणाली, "आन् मला नका देऊ. पोरीच्या आईला द्या. पाड्यावर येऊन वाचा. ती सात वर्षं माझ्या घरचं पाणी घेईना झालीय."

तेव्हा मला कळलं, की तिला तो कागद कशासाठी हवा होता. सरकारने लिहिलं होतं, की ताईने कळवलंच नाही. पाड्याने सरकारवर विश्वास ठेवला होता. ज्या बाईने दोन तास चिखल तुडवला, तिच्या दारावरून पोरीची आई तोंड फिरवून जात होती.

मी रविवारी गेलो. रस्त्यापासून आत आता मुरमाची वाट झाली होती, अर्ध्या तासात पोचलो. ताई पुढे, मी मागे. घरासमोर नागलीचं खळं सारवत एक बाई बसली होती. तिने ताईला पाहिलं आणि मान खाली घातली. ताईने तिला सांगितलं, की हा हापिसातला माणूस हाय, ऐकून घे.

मी कागद काढून वाचला. नऊ ओळींचा होता. ताई तीन तारखेला आली, कागद दिला, त्यात मुलीचं नाव आणि वजन होतं, डॉक्टर मागितला होता. मी तो नोंदवला नाही. तक्त्यात काही आजार नाही असं लिहिलं. म्हणून जीप आली नाही. चौकशीत मी खरं बोललो नाही. एवढंच. वाचताना माझ्या आवाजात मला एकही चढउतार आणता आला नाही.

आई हातातलं शेण तसंच धरून ऐकत होती. म्हणाली, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. तिने तिसऱ्यांदा फक्त जीपवाली ओळ वाचायला लावली. मग विचारलं, "तुला म्हायती होता, पोर चालली ते?"

"हो."

"तूच लिवला, काय नाय म्हणून?"

"हो, मीच."

कुणी सांगितलं होतं, असं ती विचारेल आणि मी भाऊसाहेबांचं नाव घेईन, यासाठी मी तयार होतो. तिने विचारलं नाही. तिने हात धुतले, पदराला पुसले, कागद माझ्याकडून घेतला आणि घडी घालून कमरेला खोचला. मग ताईजवळ गेली. तिचं मनगट धरलं आणि तिला आत घेऊन गेली. भांड्याचा आवाज आला, मग पाणी ओतल्याचा. दोघींपैकी एकीचा रडण्याचा आवाज आला, कुणाचा ते कळलं नाही.

मी खळ्याच्या कडेला उभा होतो. ओल्या शेणावर पाय पडू नये म्हणून जरा मागे सरकलो. आतून कुणी बाहेर आलं नाही. बराच वेळ थांबलो, मग वाटेला लागलो.